हौसाबाईंचा आवाजाचा तास

आधीच सांगून टाकते, हौसाबाई मला आवडायच्या नाहीत. आता कुणी त्यांच्याबद्दल वाकडं बोललं तर मी पदर खोचून भांडायला उभी राहते, पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा मी नवीन होते, डिप्लोमा ताजा होता आणि डोक्यात हवा भरपूर होती.

आंबिवलीला स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की चाळींच्या मधोमध आमची बालवाडी आहे. एक खोली, वर पत्रा, मागे पडदी घालून केलेलं स्वयंपाकघर. पटावर सव्वीस पोरं, तीन ते पाच वर्षांची. संस्था ठाण्याची, अशा बारा बालवाड्या चालवते. प्रत्येक ठिकाणी एक शिक्षिका आणि एक मदतनीस. शिक्षिका मी, विनिता. रोज कल्याणहून यायचे. मदतनीस हौसाबाई. माझ्या आधी तीन शिक्षिका आल्या आणि गेल्या, हौसाबाई मात्र एकोणीस वर्षं तिथेच. पोरांना घरोघरी जाऊन गोळा करायचं, खोली झाडायची, खिचडी शिजवायची, हात धुवायचे, शेंबूड पुसायचे, हे त्यांचं काम. शिकवायचं काम माझं. निदान कागदावर तरी तसंच होतं.

बाई मूळच्या जुन्नरकडच्या. लग्न होऊन आंबिवलीला आल्या त्याला तीस वर्षं झाली, पण बोलणं अजून गावचंच. चौथी शिकलेल्या. वाचायच्या, पण बोट ठेवून, अक्षर-अक्षर लावत. उंची माझ्या खांद्याएवढी आणि आवाज असा की चाळीच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचं पोर दप्तर घेऊन बाहेर.

त्या जूनमध्ये प्रीतम नावाचा मुलगा आला. साडेतीन वर्षांचा. त्याने अकरा दिवस रडून आमचा जीव नकोसा केला. मी गाणी म्हटली, बाहुल्या दाखवल्या, खाऊ दिला, डिप्लोमात शिकवलेलं सगळं केलं. शेवटी "रड बाबा, तुला काय रडायचंय ते रड" म्हणून कपाळाला हात लावून बसले. बाराव्या दिवशी हौसाबाई पडदीमागून आल्या. हातात दूध पावडरचा रिकामा डबा, त्याच्या उघड्या तोंडावर मेथीच्या जुडीचं रबर ताणून बसवलेलं. प्रीतमला त्यांनी मांडीवर घेतलं, डब्याचं बूड त्याच्या पोटाला लावलं आणि रबर बोटाने ओढून सोडलं. ढुंऽऽ.

पोरगं रडायचं थांबलं. पोटाकडे बघायला लागलं. हौसाबाईंनी परत रबर ओढलं. प्रीतम म्हणाला, "आत कोण हाये?"

"तूच बघ की कोण हाये," बाई म्हणाल्या आणि रबर त्याच्या बोटात दिलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला राग आला. अकरा दिवस मी जिथे डोकं आपटलं तिथे ही बाई भाजीचं रबर घेऊन येते आणि दोन मिनिटांत काम करून जाते, म्हणजे काय!

तिथून ते सुरू झालं. खिचडी चुलीवर चढवली की शिजेपर्यंत अर्धा तास हौसाबाई मोकळ्या असायच्या. त्या अर्ध्या तासात त्या पोरांना घेऊन बसायला लागल्या आणि पोरांनीच त्याला आवाजाचा तास नाव दिलं. सामान सगळं भंगारातलं. सुदेश भंगारवाल्याकडून सरबताच्या आणि सॉसच्या काचेच्या बाटल्या आणायच्या, गरम पाण्यात घालून लेबलं खरवडायच्या. टपरीवरून दूध पावडरचे डबे. डब्याचं झाकण कापलं की पत्र्याची कड सुरीसारखी होते, ती त्या दगडाने ठोकून आत वळवायच्या, वरून चिकटपट्टीचे तीन वेढे, मग स्वतःचा अंगठा सगळ्या कडेवरून फिरवून बघायच्या. अंगठा फिरवल्याशिवाय एक डबा पोराच्या हातात द्यायच्या नाहीत. रबरं वापरून पिवळी पडली, चिरली की फेकून द्यायच्या, कारण ताणलेलं रबर तुटलं तर थेट डोळ्यावर येतं.

आणि त्या शिकवायच्या कशा? तर शिकवायच्याच नाहीत. नुसतं विचारायच्या. सान्वी नावाची पाच वर्षांची चुणचुणीत पोरगी होती, तिने एकदा बाटलीची मान मुठीत गच्च धरून चमच्याने ठोकली. आवाज आला टक्. ती हिरमुसली.

"का गं, का न्हाई वाजली?"

"खराब आहे."

"खराब न्हाई. तिचा गळा कुनी धरलाय बघ बरं."

सान्वीने मूठ सोडली. बाईंनी बाटली घडी केलेल्या गोणपाटावर उभी ठेवली. परत ठोकलं. टिंऽऽग. मग बाई म्हणाल्या, "आता वाजत असताना बोट लाव." सान्वीने लावलं आणि आवाज गप्प. काढलं, ठोकलं, लावलं, गप्प. वीस वेळा तरी केलं असेल. शेवटी माझ्याकडे धावत आली. "टीचर, ती थरथरते! थरथरली तरच वाजते!"

आता कंपन हा शब्द मी त्या पोरांना फळ्यावर चित्र काढून महिनाभर शिकवत होते. एकालाही सांगता येत नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाताना रिक्षात माझे डोळे भरून आले. पोरगी शिकली म्हणून नव्हे, हेव्याने.

मग मला संधी मिळाली आणि मी ती घेतली. प्रीतमचे वडील साईनाथ इलेक्ट्रिशियन आहेत, रात्रपाळी करून सकाळी झोपतात. ते एक दिवस तणतणत आले. "मॅडम, हे काय शिकवताय तुम्ही? पोरगा घरी आला की डबे, वाट्या, बादल्या सगळं बडवतो. काल गॅसचा सिलिंडर बडवत होता. विचारलं तर म्हणतो, आत किती गॅस आहे ऐकतोय! मी झोपू कधी?"

मी त्यांना समजवायला हवं होतं. मी काय केलं, तर त्यांना वही पुढे करून म्हटलं, "लिहून द्या." आणि पोरं गेल्यावर वर्गातूनच ठाण्याला वासंतीताईंना फोन लावला. वासंतीताई आमच्या संस्थेच्या प्रमुख. सत्तरीच्या, शिस्तीच्या, शब्द तोलून बोलणाऱ्या. मी म्हटलं, ताई, पालकांची तक्रार आली आहे. काचेच्या बाटल्या, पत्र्याचे डबे, उद्या कुणाला लागलं तर? शिवाय नुसता गोंगाट होतो, शिकत काहीच नाहीत. आणि मदतनिसाने वर्ग घ्यावा का, हा प्रश्न आहेच.

शिकत काहीच नाहीत. हे वाक्य मी बोलले. सान्वीचं ऐकून झाल्यावर बोलले.

वासंतीताईंनी निर्णय लगेच दिला नाही. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात इथे ठाण्यात, कोपरीला आपला शैक्षणिक साहित्याचा मेळावा आहे. तिथे तुमच्या बालवाडीने हेच सादर करावं. आनंद सर पाहायला येणार आहेत, त्यांनी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलंय. मुलं खरोखर काही शिकली आहेत असं दिसलं तर तास चालू राहील. नाही दिसलं तर बंद, आणि हौसाबाईंनी स्वयंपाकघर सांभाळावं. हे त्यांना स्पष्ट सांग."

मी सांगितलं. स्पष्ट सांगितलं. फोन मीच केला होता, एवढं सोडून सगळं सांगितलं.

हौसाबाई भांडी घासत होत्या. हात थांबला. "बंद म्हंजे? अजाबात?"

"अजिबात."

त्या पातेलं परत घासायला लागल्या, तेही आधीच घासलेलं. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बाई, येकोनीस वर्सं खिचडी केली. पोरं खात्यात, मोठी व्हत्यात, मग रस्त्यात भेटली तर वळखत न्हाईत. पर आता घरी जाताना धा पोरं मागनं येत्यात. हौसाआजी उद्या काय वाजवायचं, म्हनून इचारत्यात. मला ह्ये न्हाई सोडायचं."

पण मी म्हटलं, "बघू या मेळाव्यात."

मेळाव्याचा नियम असा की स्टेजवर शिक्षिका बोलणार, मदतनीस मागे राहणार. म्हणजे बोलायचं मला. आता मला मनातून तास बंद व्हायला हवा होता, पण बारा बालवाड्यांच्या शिक्षिकांसमोर माझी फजिती नको होती. म्हणून मी तयारीला लागले. फोनवर व्हिडिओ बघितले. एका व्हिडिओत एक माणूस बाटल्यांत कमी-जास्त पाणी भरून वाजवत होता आणि सांगत होता, पाणी जास्त तर आवाज बारीक, पाणी कमी तर आवाज जाड. छान! मी लगेच तक्ता केला. चार बाटल्यांची चित्रं, चार रंगांचं पाणी, खाली बाण आणि ठसठशीत अक्षरात: पाणी जास्त, आवाज बारीक. अक्षर माझं सुंदर आहे, तेवढं कुणीही कबूल करेल.

तालीम घेताना मी पोरांकडून फक्त वाक्यं पाठ करून घेतली. बाटल्या घेतल्याच नाहीत. म्हटलं, फुटायला नकोत. आणि तो माणूस बाटली फुंकून वाजवत होता की ठोकून, इकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मी आवाज बंद करून व्हिडिओ बघितलेला, खालची अक्षरं वाचत. आवाजाचा व्हिडिओ, आवाज बंद करून! बोला आता.

मेळाव्याचा दिवस उजाडला. कोपरीचा हॉल, खुर्च्या भरलेल्या, भिंतीला बाराही बालवाड्यांचे तक्ते. आम्ही आठ पोरं आणली होती, सोबत चार पालक. साईनाथ आले होते, झोपमोड करून, कपाळाला आठ्या घालून. मला वाटलं, हे आपल्या बाजूचे.

मी तक्ता लावला. हौसाबाई बाटल्यांत रंगीत पाणी भरत होत्या. भरता भरता त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. "पा-णी जा-स्त..." वाचून झाल्यावर माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, ह्ये ठोकून दावनार का फुकून?"

"ठोकून. फुंकून उष्टं कशाला करायचं सगळ्यांसमोर?"

"मंग ह्ये उलटं हाये."

मला कसला राग आला म्हणून सांगू! चौथी पास बाई मला माझ्या तक्त्यावर उलटं सांगते. मी दात आवळून म्हटलं, "हौसाबाई, मी बघून लिहिलंय. तुम्ही मागे उभ्या राहा."

त्या मागे उभ्या राहिल्या.

आमचा नंबर आला. सुरुवात फक्कड झाली. डब्याच्या तोंडावर फुगा कापून ताणलेला होता, त्यावर तांदळाचे दाणे टाकले, बाजूला दुसरा डबा जोरात बडवला आणि दाणे उड्या मारायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "हवेतून आलेल्या कंपनाने हे दाणे नाचतात." अगदी बरोबर. मला बळ चढलं. मी तक्त्याकडे वळले.

"आता पहा. या चार बाटल्या सारख्याच आहेत, पाणी कमी-जास्त आहे. पाणी जास्त, तिथे आवाज बारीक. प्रीतम, जास्त पाण्याची बाटली वाजव."

प्रीतमने लाकडी चमच्याने काठोकाठ भरलेली बाटली ठोकली. ढब्.

"आता कमी पाण्याची."

टिंऽऽग. इतका बारीक आणि इतका लांब आवाज की मागच्या रांगेपर्यंत गेला.

मला वाटलं पोरगं चुकलं. "अरे, नीट वाजव रे. परत." परत ढब्, परत टिंग. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन् हसलं. मग आणखी कुणीतरी. पुढच्या रांगेत आनंद सर चष्मा वर करून माझा तक्ता वाचत होते. वासंतीताई हातातल्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

आनंद सर शांतपणे म्हणाले, "बाई, तक्ता एक सांगतोय आणि बाटली दुसरं. आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा?"

माझे कान तापले. समोर आठ पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं होतं. आणि एक गोष्ट मात्र मला त्या क्षणी लख्ख कळली. मला हवं होतं ते झालं होतं. तास बंद होणार होता. हौसाबाई पडदीमागे जाणार होत्या, आणि तेही माझ्या चुकीने. इतका वाईट आनंद आयुष्यात झाला नसेल.

मागून पावलं वाजली. हौसाबाई पुढे येत होत्या. वासंतीताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं, "हौसाबाई, तुम्ही तिथेच..." पण आनंद सर म्हणाले, "येऊ द्या त्यांना."

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बाईंनी लिवलंय ते खोटं न्हाई. अर्धं हाये. अर्धं बाईंनी सांगितलं, उरल्यालं पोरं सांगत्यात. सान्वे, ये हिकडं."

चुकले मीच होते आणि त्या बाईने भर सभेत मला पदराखाली घेतलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी तक्त्यामागे तोंड लपवलं.

सान्वी पुढे आली. हौसाबाईंनी पिशवीतून चार दुसऱ्या बाटल्या काढल्या, सॉसच्या, लहान तोंडाच्या. त्यांच्यात पाणी भरलं, एकीत थोडं, एकीत जास्त. ओल्या फडक्याने तोंडं पुसली. चारही बाटल्यांवर चार पोरांची नावं लिहिलेली होती, कुणाची बाटली कुणी तोंडाला लावायची नाही. हे मला माहीतच नव्हतं! माझ्याच वर्गात, माझ्या नाकाखाली.

"फुक," बाई म्हणाल्या.

सान्वीने आपल्या, कमी पाण्याच्या बाटलीच्या कडेला खालचा ओठ टेकवला आणि आडवं फुंकलं. भूंऽऽ. जाड, बोटीच्या भोंग्यासारखा. मग दुसऱ्या पोराने आपली, जास्त पाण्याची फुंकली. हूऽऽ. बारीक. लोक पुढे झुकले.

आनंद सर उठून स्टेजजवळ आले आणि गुडघ्यावर बसले. सान्वीला विचारलं, "काय गं, त्याच पाण्याला ठोकलं तर जाड आणि फुंकलं तर बारीक. असं कसं?"

हे मला सांगता आलं नसतं. खरंच नसतं.

सान्वी म्हणाली, "फुंकलं की हवा थरथरते. पाणी जास्त असलं की हवेला जागा छोटी होते. छोटी म्हणून बारीक."

"आणि ठोकलं की?"

"ठोकलं की बाटली थरथरते." ती अडली. हौसाबाईंनी तोंडात शब्द भरवला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, हात बांधून. मग प्रीतम मागून ओरडला, "पाणी तिच्या अंगावर बसतं! जड होते ती! जड माणूस हळू हलतो, माझ्या आजीसारखा!"

हॉल हसला, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. आनंद सर हसत हसत टाळ्या वाजवायला लागले. "शाब्बास रे पठ्ठ्या! हेच आम्ही आठवीला शिकवतो आणि तरी निम्म्यांना कळत नाही."

मग त्यांनी हौसाबाईंना विचारलं, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाई. आमच्याकडं पानी दोन दिवसांनी येतं. दारात पिंप हाये. झाकन कुनी उघडायचं सारखं? ठोकलं की कळतं कुठवर हाये. रिकामं असलं की वाजतं, भरलं की आवाज बसतो. बाटल्यांचं बी तसंच. फुकल्यावर मातर उलटं निघालं, तवा मी बी चक्रावले. मंग पोरांनाच म्हनलं, बघा रं, का व्हत आसंल. तीन दीस लागले आमाला."

"तीन दिवस तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत?"

"मला तरी कुठं येत व्हतं!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. खरं सांगते, असा दणाणला की फुग्यावरचे उरलेले तांदूळ आपोआप उडाले, आणि पोरं "बघा! बघा!" करत त्यांच्याभोवती गोळा झाली. साईनाथ उभे राहून बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होते. झोप गेली त्यांची, तक्रारही गेली. नंतर ते सगळ्यांना सांगत फिरत होते, "माझा मुलगा तो. आजीसारखा म्हणाला तो माझा."

टाळ्या थांबायच्या आत मी पुढे गेले. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला माहीत होतं. माईक हातात घेतला. "ताई, मुलं काही शिकत नाहीत असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. ते खोटं होतं. मला हौसाबाईंचा हेवा वाटायचा, म्हणून सांगितलं. पालकांना तक्रार लिहायलाही मीच लावलं. चूक माझी आहे. शिक्षा द्यायची तर मला द्या, पण तास बंद करू नका."

वासंतीताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, गेली माझी नोकरी. त्या म्हणाल्या, "विनिता, तुझ्याशी मी सोमवारी बोलेन. हौसाबाई, तुमच्याशी आत्ताच बोलते. हा तास बंद होणार नाही. तो बाराही बालवाड्यांत सुरू होईल आणि तो कसा घ्यायचा हे या सगळ्या शिक्षिकांना तुम्ही शिकवाल. याच हॉलमध्ये, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी. चालेल?"

हौसाबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग काढला. "चालंल म्हंजे? पळंल!" असं म्हणाल्या आणि आठही पोरं त्यांच्या अंगावर जाऊन आदळली.

परतताना टेम्पोत मी त्यांच्या शेजारी बसले होते. मांडीवर बाटल्यांची पिशवी. मी म्हटलं, "हौसाबाई, मला माफ करा."

"अवो, मला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"फोनचं. पडदी कापडाची हाये बाई, भिंत न्हाई."

म्हणजे महिनाभर ही बाई माझं सगळं जाणून होती आणि रोज मला चहा करून देत होती! मी चिडलेच जवळजवळ. "मग बोलला का नाहीत? भांडला का नाहीत माझ्याशी?"

"भांडले आसते तर तुमी रुसून बसला आसता. मंग कोपरीला कोन नेलं आसतं आमाला?" त्या हसल्या. "आन् तुमी लेकरांना मारत न्हाई. आधीची मारायची. मला तेवढं पुरं व्हतं."

सोमवारी वासंतीताईंनी मला ठाण्याच्या ऑफिसात बोलावून जे झापलं ते इथे लिहीत नाही. शिक्षा एकच दिली: आंबिवलीत आवाजाचा तास आता अर्धा नाही, पूर्ण एक तास, आणि त्या तासात हौसाबाई दुसरं कुठलंही काम करणार नाहीत. "मग ते काम कोण करणार, हे तू ठरव," त्या म्हणाल्या.

संस्थेकडून नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा हौसाबाईंनी ते मला वाचू दिलं नाही. ओट्यावर ठेवलं, बोट लावलं आणि स्वतः वाचलं. "श्री-म-ती हौ-सा-बा-ई..." पुढचा शब्द लांब होता, प्रशिक्षिका. त्याला त्यांना बराच वेळ लागला. मी मदत करायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी तो शब्द लावला, परत लावला, तिसऱ्यांदा न अडखळता मोठ्याने म्हटला. मग पत्र घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि हात झटकून पोरांत गेल्या.

मी पडदीमागे गेले. तांदूळ धुतले, डाळ घातली, हळद जरा जास्तच पडली. पलीकडे सव्वीस पोरं आपापली रबरं ताणत होती आणि हौसाबाई विचारत होत्या, "जास्त तानलं तर काय व्हईल, आधी सांगा, मंग वाजवा." कुणी म्हणालं बारीक, कुणी म्हणालं जाड, कुणी म्हणालं तुटेल. त्या म्हणाल्या, "बघू चला." मी पळी हातात घेऊन कान लावून उभी राहिले. मलाही नक्की माहीत नव्हतं. खिचडी खाली लागली.